नवऱ्याची जळजळ आणि बायकोच्या गर्भनलिका

विहारातली महिला मंडळाची बैठक संपली, की एखादी बहीण मागे रेंगाळते. गेल्या पावसाळ्यात अशीच एक थांबली. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. सासरी दोष तिलाच. औषध सोडून गर्भनलिकांचा एक्स-रे काढला होता. दोन्ही नलिका बंद.

आम्ही मागचे विचारत गेलो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याला लघवीला जळजळ झाली होती, पू आला होता. त्याने मेडिकलवरून गोळ्या आणल्या, त्याला बरे वाटले, विषय संपला. तिला तेव्हा काहीच त्रास नव्हता. सहा महिन्यांनी ओटीपोट दुखू लागले, संबंधाच्या वेळी कळ येई, मधूनच कणकण. पाण्याच्या हंड्यांमुळे असेल म्हणून तिने ते अंगावर काढले.

जळजळ आणि पू ही परम्याची, म्हणजे गोनोरियाची, नेहमीची खूण. त्याच्या जोडीला पुष्कळदा क्लॅमिडियाही असतो. दोन्ही संबंधातून पसरतात. परमा पुरुषाला बहुधा कळतो, बाईला बरेचदा कळत नाही. क्लॅमिडिया तर दहातल्या सात बायकांना काहीच जाणवू देत नाही. जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी गुपचूप राहतात आणि उपचार झाला नाही, तर काहीजणींत वर चढून गर्भाशय आणि नलिकांना सूज आणतात. नलिकेच्या आत बीज पुढे सरकवणारे केसांसारखे बारीक तंतू असतात. सुजेने ते झडतात, आतून व्रण धरतात, नलिका चिकटते. अर्धवट बंद झाली तर गर्भ नलिकेतच रुजू शकतो, आणि ती फुटली तर जिवावर बेतते. गोळ्यांनी जंतू मरतात. पडलेला व्रण जात नाही.

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे पू येणाऱ्या पुरुषाला करड्या रंगाचे पाकीट फुकट मिळते, त्यातल्या गोळ्या एकदाच घ्यायच्या. ओटीपोटाच्या सुजेसाठी पिवळे पाकीट, चौदा दिवसांचे. दुखणे थांबले तरी ते मध्येच सोडायचे नाही. दिवस गेले असतील तर आधी सांगावे, औषध बदलते.

अडचण अशी, की ही पाकिटे लक्षणांवरून मिळतात. जिला लक्षणच नाही, ती तिथे जाणार कशाला? म्हणून नवऱ्याची जळजळ हीच तिच्यासाठी एकमेव घंटा. क्लिनिकमध्ये जोडीदारालाही औषध देतात, त्रास नसला तरी. दोघांनी एकाच वेळी घ्यावे आणि पुढचे सात दिवस संबंध टाळावा, नाहीतर जंतू पुन्हा याच्याकडून तिच्याकडे.

"कुणी आणला?" हा प्रश्न घरोघर निघतो. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने निमूट राहू शकतो, तेव्हा तो कधीचा हे तपासणीवरून ठरत नाही. या बहिणीचा नवरा पुढच्या खेपेस तिच्यासोबत आला आणि सासूसमोर जळजळीची गोष्ट त्यानेच सांगितली.