शेपूट कापली तरी भाषा नियमित

जिचे शब्द मोजक्या अवस्थांचे यंत्र ओळखू शकते, ती नियमित भाषा. L मध्ये फक्त a अक्षराचे, लांबीला 3 ने भाग जाणारे शब्द घेऊ. यंत्राला 0, 1, 2 या तीन अवस्था पुरतात. सुरुवात 0 वर, स्वीकारही 0 वरच.

आता M मध्ये 1, 4, 9, 16 अशा वर्गसंख्यांइतक्या लांबीचे शब्द घ्या. M स्वतः नियमित नाही. ज्या शब्दाला M मधली एखादी शेपूट जोडली की L मधला शब्द बनतो, ते सगळे शब्द म्हणजे उजवा भागाकार L/M.

यंत्र तेच ठेवायचे, फक्त प्रत्येक अवस्थेला विचारायचे: इथून M मधल्या एखाद्या शब्दाने स्वीकारापर्यंत पोचता येते का? 0 वरून 9 अक्षरांनी येते, 2 वरून एकाने. 1 वरून 3 ने भागल्यावर बाकी 2 उरणारी लांबी हवी, आणि वर्गसंख्येची बाकी 0 किंवा 1 च असते. म्हणून नव्या स्वीकार-अवस्था 0 आणि 2.

M कितीही गुंतागुंतीची असो, अवस्था मोजक्याच राहतात. मला यातली खरी गंमत इथे वाटते: M बद्दलचे प्रश्न कोणत्याही संगणकाला सुटणारे नसतील, तर स्वीकार-अवस्था कोणत्या हे कदाचित शोधता येणार नाही. तरी निवडीचे पर्याय मर्यादित असतात आणि त्यांतला एक बरोबर असतोच.