धंद्याचा हिशेब : घरखर्च वहीत कुठे लिहायचा?

वैतरणा जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तरेच्या अंगाला दातिवरे गाव आहे. या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ताजी मासळी दुर्मीळ होते आणि सुके बोंबील, जवळा, करंदी यांना गिऱ्हाईक वाढतं. म्हणून सुक्या मासळीचा व्यापार करणाऱ्याला मे संपायच्या आत माल भरून ठेवावा लागतो. त्या वेळी हाताशी किती पैसा आहे, यावर त्याचा पावसाळा ठरतो. मालकाचं भांडवल आणि मालकाची उचल ही दोन खाती समजून घ्यायला मला याहून चांगला धंदा सापडला नाही.

उदाहरणासाठी दातिवऱ्यातली एक व्यापारी बाई धरू. वलांडीवर सुकलेली मासळी ती घाऊक विकत घेते आणि सफाळे, पालघर, बोईसरच्या बाजारात विकते. धंदा तिच्या एकटीच्या नावावर आहे. 1 एप्रिलला तिच्याकडे 1,80,000 चा माल, 70,000 रोख आणि बँकेत, 30,000 ची गिऱ्हाइकांकडची येणी आणि 20,000 ची वजनकाटा, क्रेट, ताडपत्री अशी चीजवस्तू आहे. देणं कुणाचंच नाही. म्हणजे तिचं भांडवल 3,00,000 रुपये. भांडवल खातं याचीच नोंद ठेवतं, म्हणजे धंदा मालकाचं किती देणं लागतो ते. कायद्याच्या नजरेत ही बाई आणि तिचा धंदा वेगळे नाहीत. धंद्याचं कर्ज थकलं तर वसुली तिच्या घरापर्यंत येऊ शकते. वेगळेपण फक्त वहीत असतं आणि तिथे ते हाताने जपावं लागतं.

आता वर्षभराचं पाहू. विक्री 18,00,000. विकलेल्या मालाची खरेदी किंमत 13,20,000. टेम्पोभाडं, हमाली, गोदामाचं भाडं, पिशव्या मिळून धंद्याचा खर्च 1,20,000. उरला 3,60,000 नफा. याच वर्षात तिने घरासाठी दर महिन्याला 20,000 याप्रमाणे 2,40,000 काढले, मुलीच्या कॉलेजची फी 36,000 भरली, स्वतःच्या आयुर्विम्याचा हप्ता 18,000 भरला आणि खरेदी किमतीने 6,000 रुपयांची मासळी घरात खाल्ली. बेरीज 3,00,000. ही सगळी उचल. पैसा घेतला त्या दिवशी उचल खाते नावे, रोख खाते जमा. मासळी घरी नेली तर उचल खाते नावे, खरेदी खाते जमा, आणि तीही विकत घेतलेल्या भावाने, कारण स्वतःला माल विकून कुणी नफा कमावत नाही. वर्षअखेर उचल खात्याची बाकी भांडवल खात्यात वळवायची. सुरुवातीचे 3,00,000, अधिक नफा 3,60,000, वजा उचल 3,00,000. वर्षअखेरचं भांडवल 3,60,000.

समजा, तिने उचल खातं ठेवलंच नाही. घरचे पैसे, फी, हप्ता सगळं ‘किरकोळ खर्च’ म्हणून धंद्याच्या खर्चात टाकलं आणि खाल्लेली मासळी खरेदीतून वजा केली नाही. आता नफा किती? 3,60,000 मधून 3,00,000 गेले, उरले 60,000. आणि वर्षअखेरचं भांडवल? सुरुवातीचे 3,00,000 अधिक 60,000, म्हणजे पुन्हा 3,60,000. तेरीज जुळते, ताळेबंद जुळतो, गल्ल्यातली रक्कम जुळते. चूक कुठेच डोकावत नाही. हिशेब जुळला म्हणजे बरोबर आहे, असं मानणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. भांडवल दोन्हीकडे सारखं, पण एका वहीत धंदा शंभराच्या विक्रीवर 20 रुपये कमावतो आणि दुसऱ्या वहीत जेमतेम 3 रुपये 33 पैसे.

या फरकाची किंमत बाईला मे महिन्यात मोजावी लागते. 60,000 नफ्याची वही पाहून तिला वाटतं, या धंद्यात राम नाही, जास्त माल भरून काय करायचं. बँकेत कर्ज मागायला गेली तर तिथेही तोच आकडा पाहिला जातो आणि 60,000 च्या नफ्यातून हप्ता कुठून फेडणार, हा प्रश्न येतो. आणि नफा कमी दाखवून तिने मिळवलं काय? 2025-26 या वर्षासाठी नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. दुसरं उत्पन्न नसेल तर तिच्या खऱ्या 3,60,000 वरही कर शून्यच होता. खोट्या खर्चाने एक रुपयाही वाचला नाही, कर्ज मात्र हातचं गेलं. छोट्या व्यापाऱ्यांचं हे नुकसान मला फार लागतं, कारण ते कुणी केलेलं नसतं, वहीतल्या एका चुकीच्या रकान्याने झालेलं असतं.

ज्यांचं उत्पन्न करपात्र आहे, त्यांच्यासाठी नियम स्पष्ट आहे. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 37 प्रमाणे धंद्यासाठी आणि फक्त धंद्यासाठी केलेला खर्चच वजा मिळतो. भांडवली आणि खासगी खर्च त्यातून वगळलेला आहे. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, हे तत्त्व बदललेलं नाही. मालकाने स्वतःला पगार लावून तो खर्चात टाकता येत नाही, कारण देणारा आणि घेणारा एकच आहे. मालकाने भरलेला आयकरसुद्धा उचलच. बरेच जण अंदाजी उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरतात, विक्रीच्या 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के, आणि त्यांना वाटतं की आता उचल लिहायची गरज संपली. 18 लाखांवर 8 टक्के म्हणजे 1,44,000. पण कमाई त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायची असते. 1,44,000 उत्पन्न सांगणाऱ्या बाईने वर्षात 3,00,000 घरी नेले आणि वर भांडवलही 60,000 ने वाढलं, हे कशातून झालं, असा प्रश्न आला तर उत्तर तिलाच द्यावं लागेल.

मग ताळेबंदातून न दिसणारी ही चूक पकडायची कशी? किरकोळ खर्चाचे बारा महिन्यांचे आकडे एका ओळीत लिहून पाहा. सुक्या मासळीच्या धंद्याचा खर्च मालाच्या मागे चालतो. मार्च ते मे खरेदी जोरात, तेव्हा हमाली आणि टेम्पो वाढतो. पावसात खरेदी थांबते, तेव्हा तो उतरतो. पण वहीतला खर्च जूनमध्ये शाळा सुरू होताना चढत असेल, गणपतीत आणि दिवाळीत चढत असेल, तर तो खर्च घराचा आहे. ज्या खर्चाचं मूळ ओळखू येत नाही, त्याला एकच प्रश्न विचारायचा : उद्या धंदा बंद केला तर हा खर्च थांबेल का? हमालांचा चहा थांबेल, घरचा गॅस थांबणार नाही.

सगळ्यात जास्त गळती होते ती गल्ल्यातून, कारण बाजारात दिवसभर रोख हातात असते आणि घरी जाताना वाटेत भाजी, औषध, रिचार्ज होऊन जातं. यावर रोज संध्याकाळी पैसे मोजणे हाच उपाय. सकाळी पिशवीत 2,000 होते. दिवसभरात 7,400 ची रोख विक्री झाली. टेम्पोला 600 दिले. पिशवीत 8,800 हवेत, मोजले तर 7,300 निघाले. दुसरं काही दिलं नसेल आणि उधारी विक्रीत धरली गेली नसेल, तर उरलेले 1,500 म्हणजे उचल. कशावर गेले ते आठवलं नाही तरी चालेल. घरखर्चाची फोड वहीला नको असते, पैसा धंद्यातून बाहेर गेला एवढंच तिला कळायला हवं. यूपीआयने दिलेली किराणा मालाची रक्कम धंद्याच्याच खात्यातून गेली, तरी नोंद हीच. दोन वेगळी बँक खाती ठेवून महिन्याच्या 1 तारखेला ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळवली, तर अशा शंभर बारीक नोंदींच्या जागी बाराच कराव्या लागतात. माझा आग्रह या पद्धतीचा आहे.

उचलीची तारीखही रकमेइतकीच महत्त्वाची. पुढच्या एप्रिल आणि मेमध्ये बाईला महिन्याला 30,000 नफा झाला असं धरू. नेहमीचे 20,000 तिने दोन्ही महिने काढले आणि मे महिन्यात घरच्या लग्नासाठी आणखी 80,000 काढले. मे अखेरचं भांडवल 3,60,000 अधिक 60,000 वजा 1,20,000, म्हणजे 3,00,000. ऐन माल भरायच्या दिवसांत तिच्याकडे गेल्या मार्चपेक्षा 60,000 कमी आहेत. लग्न होणारच होतं. पण उचल खातं महिन्याच्या महिन्याला पाहिलं असतं, तर तिला एप्रिलमध्येच कळलं असतं की एवढ्या रकमेची सोय आधी करायला हवी.

काही खर्च मात्र खरोखर दोन्हीकडचे असतात. घरच्याच मीटरवर गोदामाचा दिवा आहे, एकाच फोनवर व्यापारीही बोलतात आणि माहेरही. इथे कायदा वाजवी वाटणी मान्य करतो. स्कूटरने महिन्यात 400 किलोमीटर झाले आणि त्यातले 300 बाजाराचे, तर पेट्रोलचा तीन चतुर्थांश भाग धंद्याचा आणि बाकीची उचल. अंदाज चालतो, पण त्याला टिपणाचा आधार हवा. कर्जाचंही तसंच. धंद्यासाठी म्हणून 1,00,000 घेतले आणि त्यातले 60,000 घराच्या कौलांवर घातले, तर तेवढ्या भागाचं व्याज धंद्याच्या खर्चात बसत नाही.

उलट दिशेचा पैसाही नीट लिहायला हवा. बाईने स्वतःच्या बचतीतले 50,000 धंद्यात घातले, तर रोख खाते नावे, भांडवल खाते जमा. ती विक्री नाही. पण तारापूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाने परत घ्यायच्या बोलीवर 50,000 दिले, तर ते भांडवल नाही. धंद्याचा मालक मुलगा नाही, म्हणून वहीत त्याच्या नावाने कर्ज खातं उघडायचं, आणि पैसे परत केले की त्याच खात्यात नावे टाकायचे. ते परत केलेले पैसे उचल म्हणून लिहिले, तर भांडवल खरं असेल त्याहून कमी दिसतं आणि मुलाचं देणं फिटूनही वहीत तसंच उभं राहतं.

पुढच्या आठवड्यात वजनकाटा आणि टेम्पो यांचा घसारा पाहू.