काटा ३७.५ वर, तरी पिल्ले उशिरा का निघतात?

सोमाटणे : थर्माकोलच्या पेटीत चाळीस गावठी अंडी ठेवली. पडद्यावर रोज ३७.५ अंश दिसत होते. पण एकविसाव्या दिवशी टरफल फुटायला हवे, ते फुटले तेविसाव्या दिवशी. घरगुती उबवणी यंत्राची ही नेहमीची तक्रार. सगळीच पिल्ले उशिरा निघाली, तर अंड्यांना ऊब कमी मिळाली असे समजावे. म्हणजे पडदा दुसऱ्याच कुठल्या तरी जागेचे तापमान सांगत होता.

सेन्सर बल्बच्या थेट उजेडात असेल तर तो अंड्यांच्या आधी तापतो आणि बल्ब लवकर बंद होतो. तो भिंतीला चिकटवू नये, अंड्यालाही टेकवू नये, कारण दुसऱ्या आठवड्यानंतर वाढते पिल्लू स्वतःच ऊब देऊ लागते. ट्रेच्या मध्यावर, अंड्यांच्या वरच्या कडेच्या उंचीवर, पंख्याची हवा लागेल असा तो टांगावा. बसवण्याआधी तो आणि तापाचा थर्मामीटर कोमट पाण्यात एकत्र धरून आकडे जुळतात का पाहा. बाजारातल्या स्वस्त `W1209` कंट्रोलरमध्ये `P1` सेटिंग मुळात २ अंशांवर असते. म्हणजे बल्ब ३५.५ ला लागणार. ते ०.३ करावे.

दोन फूट लांब, दीड इंच जाडीच्या पेटीला मावळातल्या थंडीच्या रात्री साधारण ३० ते ४० वॅट उष्णता पुरते. म्हणून शंभरचा एक बल्ब लावण्यापेक्षा ४० वॅटचे जुन्या धाटणीचे दोन बल्ब समांतर जोडावेत. एक उडाला तरी दुसरा बऱ्यापैकी तग धरतो. एलईडी इथे कामाचा नाही. कॉम्प्युटरचा छोटा पंखा मात्र कायम चालू हवा.

अंडी फिरवायला मोटार लागतेच असे नाही. जाळीवर अंडी आडवी ठेवून वर पट्ट्यांची सैल चौकट ठेवा आणि तिची तार पेटीबाहेर काढा. अंड्याचा घेर सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणून चौकट साडेसहा सेंटिमीटर सरकवली की अंडे अर्धे फिरते. दिवसातून पाच वेळा, एकदा इकडे, एकदा तिकडे. वेळा विषम ठेवल्या की लांबलचक रात्र रोज दुसऱ्या कुशीवर जाते.

पाण्याचे गणित मात्र ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यातली २४ अंशांची ९५ टक्के दमट हवा पेटीत तापली की आर्द्रता ४४ टक्क्यांवर येते. हिवाळ्यातल्या रात्रीची १२ अंशांची, ८० टक्के दमट हवा थेट १७ वर. हवी असते ५० ते ५५. म्हणून पावसाळ्यात वाटीभर पाणी भागते, थंडीत पसरट ताट लागते. खात्री वजनकाट्यावर करा : अर्धा किलो अंडी अठराव्या दिवशी ४४० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजेत. त्या दिवशी फिरवणे थांबवा, पाणी वाढवून आर्द्रता ६५ च्या वर न्या आणि पिल्ले निघेपर्यंत झाकण उघडू नका.