दीर्घ काव्याची गती : ‘केकावली’चे उदाहरण

मोरोपंतांच्या ‘केकावली’त शंभराहून अधिक श्लोक आहेत; वृत्त मात्र प्रायः एकच, पृथ्वी. 17 अक्षरांचा चरण, आठव्यावर यती, आणि चौथ्या चरणाअखेर यमकाने श्लोक मिटतो. अर्थात् वाचक प्रत्येक श्लोकाशी थांबू शकतो. वृत्तपालटाचा सोपा मार्ग पंतांनी बहुतांशी टाळला. काव्याचे टप्पे पडतात ते उक्तीच्या पालटाने. स्तुती चालली असता मध्येच देवाशी वाद, मग अजामिळ-गजेंद्रांचे दाखले, आणि त्यांना तारणाऱ्याने आपल्यालाच का वगळावे, अशी त्यांतूनच उपजलेली याचना. या प्रश्नामुळे पुढला श्लोक हवासा होतो. दाखले लांबले की ही ओढ मंदावते. त्याची परीक्षा लगतच्या श्लोकांची अदलाबदल करून घेता येते. दाखल्यांचे श्लोक ती पुष्कळदा सोसतात. मागून येणारी याचना सोसत नाही.