'लेफ्ट' होण्याची दहा-बारा वर्षं

व्हॉट्सॲपवर २०११ साली ग्रुप आले, तेव्हा ज्याच्याकडे तुमचा नंबर, त्याला तुम्हाला कुठेही ओढायची मुभा होती. त्या काळी ते कुणाला फारसं खुपलंही नाही. ग्रुप लहान असत आणि ओढणाराही ओळखीचाच असे. २०१४ च्या अखेरीस मर्यादा शंभरावर गेली, २०१६ मध्ये २५६ वर, आणि मग भावकीच्या बैठकीला वॉर्डातल्या सभेची कळा आली. कोण बोलतंय ते कळेना, पण आपला नंबर मात्र सगळ्यांना दिसे.

बाहेर पडायची वाट होती, पण ती भर मांडवातून जायची. पडद्याच्या मधोमध करड्या अक्षरांत 'अमुक left' अशी ओळ उमटे, आणि पाठोपाठ 'काय झालं ताई?', 'कुणी काही बोललं का?' सुरू होई. 'लेफ्ट झाली' हा मराठीत रुसव्याचा पुरावाच ठरला. शिवाय ॲडमिन हौशी असला, तर तासाभरात पुन्हा आत घेई. २०१८ च्या मे महिन्यात कंपनीने पहिली डागडुजी केली, ती नेमकी या छळावर: सोडलेल्या ग्रुपात पुन्हा पुन्हा कोंबता येणार नाही.

दाराला कडी आली ३ एप्रिल २०१९ रोजी. लोकसभेचं मतदान आठवड्यावर आलं होतं आणि प्रचाराचे ग्रुप पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवत होते. तुम्हाला ग्रुपात कोण ॲड करू शकेल हे ठरवायच्या या नव्या सेटिंगमध्ये 'Nobody', म्हणजे कुणीच नाही, असा पर्याय होता. नोव्हेंबरात ते जगभर पोचलं, तेव्हा तो काढून त्या जागी 'My contacts except…' आला. मला ती माघार वाटली होती. वापरून पाहिल्यावर मत थोडं बदललं, कारण त्रास देणारे बहुतेक जण आपल्या यादीतलेच असतात. त्यांना नावानिशी वगळता येणं जास्त कामाचं.

Settings, मग Privacy, मग Groups. तिथे मुळात 'Everyone' असतं, आणि अनेकांच्या फोनवर ते आजही तसंच आहे. 'My contacts' निवडलं की तुम्ही ज्यांचे नंबर जतन केलेत तेच तुम्हाला ॲड करू शकतात. त्यांनी तुमचा नंबर जतन केलाय की नाही, याला महत्त्व नाही. वगळलेल्या माणसाने प्रयत्न केलाच, तर त्याला तुम्हाला खासगी निमंत्रण पाठवावं लागतं. ते तीन दिवसांत आपोआप बाद होतं, त्यामुळे नकार द्यायची वेळ येत नाही. 'except'च्या यादीत सगळ्यांना एका फटक्यात निवडलं, तर जुना 'Nobody' जवळजवळ परत मिळतो. मात्र उद्या नवा नंबर जतन केलात, तर तो त्या यादीत नसतो, आणि आपल्याकडे इस्टेट एजंट, केटरर, क्लासवाले कामापुरते जतन होतच असतात.

निमूट बाहेर पडायची सोय ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. आता Exit दाबल्यावर फक्त ॲडमिनना कळतं. पण हा 'फक्त' तपासून घ्यावा. आमच्या घरातल्या एका लग्नाचा ग्रुप घ्या. लग्न होऊन, बारसंही होऊन गेलं, तरी ग्रुप शुभ सकाळवर जिवंत होता. मामेबहिणीला तो सोडायचा होता. तिने आधी ग्रुपच्या माहितीत जाऊन सदस्यांची यादी पाहिली. कामं वाटताना वधूपित्याने हॉल, जेवण, गाड्या बघणाऱ्या प्रत्येकाला ॲडमिन केलेलं, एकूण नऊ जण. म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं, नेमके तेच. त्यात एक थोरली आत्या, आणि आत्याला कळलं की गावाला कळलं.

दुसरी मेख त्याच यादीच्या तळाशी आहे. गेल्या ६० दिवसांत सोडून गेलेल्यांची नावं तिथे कुठल्याही सदस्याला पाहता येतात. घंटा वाजत नाही, पण मुद्दाम शोधणाऱ्याला सापडतं. आणि ग्रुपात एकटे तुम्हीच ॲडमिन असाल, तर आधी कुणाला तरी ते पद देऊन निघा. नाहीतर ॲप कुणाच्या तरी गळ्यात ते परस्पर घालतं, आणि तो माणूस विचारणारच.

मामेबहिणीने शेवटी ग्रुप सोडला नाही. तिने तो 'Always' म्यूट करून अर्काइव्ह केला. ऑक्टोबर २०२० पर्यंत जास्तीत जास्त एक वर्षच म्यूट करता येई, आणि २०२१ च्या जुलैपर्यंत नवा मेसेज आला की अर्काइव्ह केलेला ग्रुप उडी मारून वर येई. आता तो अर्काइव्हमध्येच राहतो. नातेवाइकांच्या ग्रुपला मला हाच मार्ग बरा वाटतो. अनोळखी ग्रुपला मात्र तो चालत नाही, कारण म्यूट केल्याने तुमचा नंबर झाकला जात नाही, आणि २०२२ पासून एका ग्रुपात १०२४ जण मावतात. तिथे Exit दाबावं. ॲडमिनला कळलं तर कळू द्यावं.