जुनी कंपनी उत्तर देत नाही, तेव्हा रिक्रूटरला काय लिहावे

ऑफर लेटर हाती आल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे उमेदवाराने दिलेल्या माहितीची पडताळणी, सुरू होते. बऱ्याच मोठ्या कंपन्या हे काम बाहेरच्या एजन्सीकडे सोपवतात. एजन्सी जुन्या कंपनीच्या एच.आर. विभागाला मेल पाठवून विचारते, की ही व्यक्ती तुमच्याकडे होती का, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पदावर आणि कोणत्या कारणाने गेली. उत्तर आले नाही की स्मरणपत्रे जातात, फोन होतात. तरीही दाद मिळाली नाही, तर नव्या कंपनीचा रिक्रूटर उमेदवाराला कळवतो : जुन्या कंपनीकडून प्रतिसाद नाही, तुम्ही पाठपुरावा करा.

या मेलने अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण एजन्सीच्या अहवालात ‘माहिती चुकीची निघाली’ आणि ‘पडताळणी होऊ शकली नाही’ हे दोन वेगळे शेरे असतात. पहिल्यात उमेदवारावर ठपका येतो. दुसऱ्यात फक्त रकाना रिकामा राहतो. तो कसा भरून घ्यायचा, हे नवी कंपनी आपल्या नियमानुसार ठरवते. रिक्रूटरच्या हातात हा निर्णय सहसा नसतो, त्याला फक्त वर पाठवता येईल असे काहीतरी हवे असते. म्हणून ‘मीही प्रयत्न करतो आहे’ एवढ्याच उत्तराचा त्याला उपयोग होत नाही. जुन्या कंपनीवर अवलंबून नसलेला पुरावा मिळाला, तर फाइल पुढे सरकते.

त्याआधी कंपनी गप्प का आहे, हे शोधावे लागते. पुष्कळदा एजन्सीचा मेल बंद पडलेल्या पत्त्यावर गेलेला असतो, कारण फॉर्ममध्ये उमेदवाराने त्याच्या वेळच्या एच.आर. अधिकाऱ्याचा पत्ता दिलेला असतो आणि तो अधिकारी केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. काही कंपन्या एम्प्लॉयी कोड किंवा उमेदवाराचे संमतिपत्र सोबत नसेल, तर मेलला उत्तरच देत नाहीत. कधी हिशेबाची बाकी किंवा न भरलेला नोटीस पीरियड आडवा येतो. आणखी एक प्रकार सहज नजरेतून सुटतो : माणूस काम एका नामांकित कंपनीच्या ऑफिसात करत होता, पण पगार कंत्राटदार कंपनीच्या नावाने निघत होता. फॉर्ममध्ये त्याने नामांकित कंपनीचे नाव लिहिले, तर तिच्याकडे त्याची नोंदच सापडत नाही. इथे दोष कंपनीच्या मौनाचा नसतो, फॉर्मचा असतो. जुनी पे स्लिप काढून तिच्यावरचे नाव पाहिले की उलगडा होतो, आणि ही दुरुस्ती उमेदवाराने स्वतःहून कळवणे बरे.

समजा, एका उमेदवाराने जुलै २०१९ ते मार्च २०२२ ठाण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम केले. पुण्यातल्या नव्या कंपनीत १६ जूनला रुजू व्हायचे आहे आणि २ जूनला रिक्रूटरचा मेल येतो. उमेदवार कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर जुन्या कंपनीचे नाव टाकून पाहतो. तिथे तिची स्थिती Strike Off अशी दिसते, म्हणजे कंपनीचे नाव नोंदवहीतून काढलेले आहे. आता कितीही स्मरणपत्रे पाठवली तरी उत्तर देणारे कोणी नाही, हे कागदावर दाखवता येते. (प्रोप्रायटरी किंवा साध्या भागीदारीतली पेढी या नोंदवहीत नसते, त्यामुळे हा मार्ग तिथे चालत नाही.)

त्याच दिवशी तो रिक्रूटरला उत्तर लिहितो. असा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत होतो. मजकुराचा आशय असा :

“आपला २ जूनचा मेल मिळाला. ठाण्याच्या कंपनीत मी ८ जुलै २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात होतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीनुसार ही कंपनी आता अस्तित्वात नाही. त्या पानाची प्रत जोडली आहे. नोकरीचा पुरावा म्हणून रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पे स्लिप, पीएफचे पासबुक व सर्व्हिस हिस्टरी आणि त्या वर्षांचे फॉर्म २६एएस जोडत आहे. या कागदांवरून पडताळणी पूर्ण होईल का, की आणखी काही लागेल, हे कृपया ५ जूनपर्यंत कळवावे. १६ जूनच्या रुजू होण्याच्या तारखेवर याचा परिणाम होणार असेल, तर तेही कळवावे.”

या मेलमध्ये तक्रार नाही आणि गयावयाही नाही. शेवटचे दोन प्रश्न मात्र वगळू नयेत, कारण चालू नोकरीतला शेवटचा दिवस कोणता ठरवायचा, हे त्यांच्या उत्तरावर अवलंबून असते.

जोडलेल्या कागदांचे वजन सारखे नसते. रिलीव्हिंग लेटर आणि पे स्लिप उमेदवाराकडूनच येतात, म्हणून एजन्सी त्यांच्यावर एकट्याने विसंबत नाही. पीएफची नोंद सरकारी असते. त्या पासबुकात कोणत्या महिन्यांची वर्गणी कोणत्या आस्थापनेने भरली, ते दिसते आणि सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख मिळते. फॉर्म २६एएसमध्ये पगारातून कर कापणाऱ्या कंपनीचे नाव असते. पण पीएफ वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच बंधनकारक आहे, आणि पगार करपात्र नसेल तर २६एएसमध्ये नोंद होत नाही. अशा वेळी बँक स्टेटमेंट कामी येते : पगार जमा झालेल्या ओळी ठेवून बाकीचे व्यवहार झाकले तरी चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. यांपैकी कशातच पद लिहिलेले नसते, त्यासाठी नेमणूकपत्र किंवा पगारवाढीचे पत्र लागते.

पाठवण्याआधी सगळ्या कागदांवरच्या तारखा ताडून पाहाव्यात. पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीख कोरी राहिलेली असते, हे नेहमीचे. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले असतील, तर सदस्याला ती स्वतः पोर्टलवर भरता येते. मात्र ती शेवटची वर्गणी ज्या महिन्याची असेल त्याच महिन्यातली असावी लागते. ही तारीख रिलीव्हिंग लेटरशी जुळत नसेल, तर एका वाक्यात कारण लिहून द्यावे. एजन्सीने फरक शोधून काढण्यापेक्षा उमेदवाराने आधी सांगितलेला बरा.

कंपनी चालू असेल आणि केवळ गप्प असेल, तर कागदांसोबत पर्यायी संपर्क द्यावा. तो कंपनीच्याच डोमेनचा हवा. जुन्या वरिष्ठाचा खाजगी जीमेल पत्ता एजन्सी बहुधा मान्य करत नाही. मित्राला एच.आर. म्हणून उभे करणे तर उघड फसवणूक आहे. ते नंतर कळले तरी नोकरी जाऊ शकते, कारण खोटी माहिती आढळल्यास नोकरी संपवण्याची अट नेमणूकपत्रात सामान्यतः असते. पीएफच्या खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मात्र रिक्रूटर किंवा एजन्सी, कोणालाही देऊ नये, पीडीएफ पुरते.

फाइल बंद झाल्याचा लेखी मेल आला की तो जपून ठेवावा. नव्या कंपनीने पडताळणी पूर्ण होण्याआधीच रुजू करून घेतले, तर ‘पडताळणीच्या अधीन’ हा शेरा नेमणूकपत्रात राहतो. मग एका महिन्याने रिक्रूटरला एक ओळ लिहून फाइलची स्थिती विचारावी.