हप्त्यांची आजची किंमत

प्लॉटचा सौदा ठरतो आहे. एक गिऱ्हाईक साडेनऊ लाख रोख द्यायला तयार आहे. दुसरा दहा लाख देतो, पण हप्त्यांनी: 1 जानेवारी 2025 ला चार लाख, 15 जूनला तीन आणि 31 मार्च 2026 ला उरलेले तीन. कोणाला द्यावा?

एक्सेलचे नेहमीचे `NPV` इथे फसवते. ते तारखा पाहतच नाही. वार्षिक दर दिला, तर हातात आलेले चार लाखही वर्षभराने मिळणार असे धरते. 9 टक्क्यांनी उत्तर जेमतेम साडेआठ लाख येते. A रकान्यात तारखा, B मध्ये रकमा भरून हे लिहावे:

```
=XNPV(9%,B2:B4,A2:A4)
```

पहिल्या तारखेपासूनचे दिवस मोजून त्यांना 365 ने भागले जाते, लीप वर्षातही. दुसरा हप्ता 165 दिवसांनी येतो, म्हणून तीन लाखांना 1.09 च्या 165/365 व्या घाताने भागायचे: सुमारे 2,88,500. तिसरा 454 दिवसांनी: सुमारे 2,69,500. एकूण 9.58 लाख, म्हणजे हप्तेवाला सरस. मात्र दर 12 टक्के धरला की बेरीज 9.46 लाखांवर उतरते आणि रोखवाला जिंकतो. खरा वाद दराचाच असतो.

पहिल्या ओळीतल्या तारखेआधीची तारीख खाली आली, तर `#NUM!` दिसते. `#VALUE!` दिसले, तर एखादी तारीख एक्सेलला बहुधा नुसता मजकूर वाटते आहे. दिवस आणि महिन्याची अदलाबदल मात्र बिनबोभाट खपून जाते.